गप्पीची पिल्लं भरपूर, पण दुकानदार घेत का नाही?

प्रश्न : साहेब, वर्षभरापासून घरी तीन टाक्यांत गप्पी पाळते आहे. पिल्लं खूप होतात, पण निम्मी आठवड्यात जातात. उरलेली मोठी करून दुकानात नेली, तर दुकानदार म्हणतो, हा मिक्स माल आहे, नको. आणखी माद्या आणि टाक्या घेऊ का? खर्च किती दिवसांत निघेल?

उत्तर : ताई, माद्या अजिबात वाढवू नका. टाक्या दोन वाढवा, पण त्याआधी एक सवय लावून घ्या. पिल्लं चार आठवड्यांची झाली की नर आणि मादी वेगवेगळ्या टाकीत गेलेच पाहिजेत. तुमचा माल नाकारला जातो त्याचं मूळ इथेच आहे.

गप्पीची मादी नराचं बीज पोटात कित्येक महिने साठवून ठेवते. एकदा नराशी गाठ पडली, की पुढे नर नसतानाही ती महिन्याच्या अंतराने पिल्लं देत राहते. म्हणून दुकानातल्या मिश्र टाकीतून आणलेली मादी घरी कितीही देखण्या नरासोबत ठेवली, तरी सुरुवातीच्या विणींमधल्या पिल्लांचा बाप कोण हे सांगता येत नाही. त्यातली भावंडं आपसात मिसळली की दोन-तीन पिढ्यांत कुणाची शेपटी लाल, कुणाची निळी, कुणाची आखूड असा माल तयार होतो. दुकानदाराला मात्र टाकीत एकसारखे दहा नर दिसायला हवे असतात, कारण गिऱ्हाईक तसेच मासे मागतं.

तेव्हा नवी सुरुवात एकाच रंगाच्या, एकाच जातीच्या माशांनी करा. ज्याच्याकडे नर-मादी वेगळे वाढवले जातात अशा पैदासकाराकडून तीन न लागलेल्या तरुण माद्या आणि दोन नर घ्या. जुने मासे त्यांच्यात मिसळू नका. नव्या माशांना आधी तीन आठवडे एका वेगळ्या लहान टाकीत ठेवा. त्यांचं जाळं आणि सायफन नळीही वेगळी असू द्या.

वेगळं करताना ओळखायचं कसं, हे नीट सांगतो. पोटाखाली शेपटीच्या अलीकडे जो पर असतो, त्याच्याकडे बघा. मादीत तो पंख्यासारखा पसरट राहतो आणि त्याच्या जवळ पोटावर काळसर डाग दिसतो. नरात तोच पर तीन ते चार आठवड्यांच्या सुमारास अरुंद, टोकदार काडीसारखा होऊ लागतो. रंगाची वाट बघू नका, रंग उशिरा येतो आणि तोपर्यंत नर कामाला लागलेला असतो. पिल्लू पांढऱ्या वाटीत थोड्या पाण्यात घेऊन उजेडात बाजूने पाहिलं की फरक कळतो. शंका आली तर ते पिल्लू नरांच्या टाकीत टाका. नरांच्या टाकीत मादी चुकून गेली तर ती एकटी बिघडते, पण माद्यांच्या टाकीत एक नर राहिला तर सगळी टाकी बिघडते.

आता पिल्लं कशामुळे जातात ते शोधू. ती कधी आणि कशी जातात, त्यावरून कारण ओळखता येतं. पहिल्या दोन दिवसांत संख्या घटते पण मेलेलं पिल्लू दिसत नाही, तर मोठ्या माशांनी खाल्लेली असतात. गप्पी स्वतःच्या पिल्लांनाही सोडत नाही. यासाठी मादीला विण्याच्या वेळी हलवू नका, त्या धक्क्याने ती अपुरी पिल्लं टाकते. टाकीचा एक कोपरा जावा मॉस किंवा हायड्रिलाने गच्च भरा आणि सकाळी त्यातून पिल्लं काढून घ्या. दुसरा प्रकार म्हणजे खाद्य सुरू केल्यावर तीन-चार दिवसांनी पाणी दुधाळ होतं आणि तळाशी मेलेली पिल्लं दिसतात. तिथे पाणी बिघडलेलं असतं, आणि बहुतेक वेळा उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा जास्तीची पूड कारणीभूत असते. तिसरा प्रकार हळू चालतो. पोट खपाटीला, डोकं मोठं आणि आठवडाभर वाढच नाही, ही उपासमार आहे.

उपासमारीवर आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाच्या ताज्या पिल्लांइतकं चांगलं खाद्य मला माहीत नाही. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ घालून त्यात अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी टाका आणि हवेची नळी जोरात सोडा. पाणी २६ ते २८ अंश असेल तर २४ ते ३६ तासांत ती फुटतात. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, नारिंगी पिल्लं खाली बसतात. खालचीच नळीने ओढून बारीक कापडातून गाळा, साध्या पाण्याने धुवा आणि दिवसातून तीन वेळा थोडी थोडी द्या. टरफलं आणि न फुटलेली अंडी खाद्यात जाऊ देऊ नका, पिल्लांना ती पचत नाहीत.

पाण्याविषयी सर्वांत जास्त नुकसान नव्या टाकीत होतं, आणि तुम्ही टाक्या वाढवणार आहात म्हणून हे लक्षात ठेवा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरा पुष्कळ सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात आणि ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतः धुऊन चकचकीत केलेल्या टाकीत एकाच दिवशी चाळीस मासे सोडले होते. पाणी अगदी स्वच्छ दिसत होतं. पाचव्या दिवशी सकाळी सगळे वर येऊन हवेसाठी तोंड उघडत होते, आणि त्या आठवड्यात निम्मे गेले. पाणी दिसायला स्वच्छ असणं आणि मासा जगण्याजोगं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्याकडे चालू टाक्या आहेत, हा मोठा फायदा. त्यांचे मासे निरोगी असतील, तर तिथला वापरात असलेला स्पंज फिल्टर नव्या टाकीत लावा आणि जुन्यात नवा स्पंज ठेवा. मग आधी चार-पाच मासेच सोडा आणि आठवड्याने संख्या वाढवा. अमोनिया व नायट्राइटचं चाचणी किट जवळ ठेवा, दोन्हींचं माप शून्य आलं तरच पुढे जा. स्पंज नळाखाली कधी धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळायचा. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, तळातली घाण ओढून काढा, आणि नळाचं पाणी क्लोरीन काढणारं औषध घालूनच वापरा. नुसतं रात्रभर उघडं ठेवण्यावर विसंबू नका. पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते तसं उडून जात नाही.

विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी गप्पीला मानवतं, पीएच ७ ते ८ चालतो. मात्र जितका पीएच जास्त, तितका तोच अमोनिया अधिक घातक ठरतो. म्हणून जड पाणी असलेल्यांनी खाद्य हात राखूनच द्यावं. तापमान २४ ते २८ अंश ठेवा. पर मिटून एका जागी थरथरणारा मासा दिसला, तर औषध शोधण्याआधी पाणी तपासा.

खर्चाचा हिशेब पैशांत न करता जोड्यांत करून पाहा, म्हणजे चित्र लगेच स्पष्ट होतं. विणीची एक टाकी ४० लिटरची, पिल्लांची एक ४० लिटरची, नर आणि माद्या वाढवायला ६० लिटरची प्रत्येकी एक, आणि नव्या माशांसाठी २० लिटरची एक, अशा पाच टाक्या धरा. स्पंज फिल्टर आणि नेमाने पाणी बदलणं असेल, तर मोठ्या माशामागे दोन लिटर पाणी धरावं. म्हणजे वाढीच्या दोन टाक्यांत मिळून ६० मासे. पिल्लं तिथे चौथ्या आठवड्यात येतात आणि बाराव्यात विकायला तयार होतात, त्यामुळे एका वेळी दोन महिन्यांच्या तुकड्या तिथे असतात. म्हणून महिन्याला ३० मासेच वाढवता येतात. त्यांतले वाकड्या पाठीचे, फिक्या रंगाचे असे सहाएक बाजूला काढले, तर १२ जोड्या उरतात. एक निरोगी मादी एका विणीत २० ते ४० पिल्लं देते. तुमची अडचण पिल्लांची कधीच नव्हती, वाढीच्या जागेची आहे. महिन्याला चाळीसएक पिल्लंच वाचवा, बाकीची विणीच्या टाकीतच राहू द्या. दाटीत वाढवलेली शंभर पिल्लं बुटकीच राहतात.

आता टाक्या, झाकणं, हवेचा पंप, फिल्टर, हीटर, चाचणी किट आणि पहिले मासे, सगळ्यांची बेरीज करून तिला दुकानदार एका जोडीला देणार असलेल्या भावाने भागा. समजा उत्तर १२० जोड्या आलं. महिन्याच्या १२ जोड्यांतल्या दोन वीज आणि खाद्याला गेल्या, तर दहा उरतात. मग पहिल्या विक्रीपासून एक वर्ष लागेल, आणि पहिली विक्री नव्या माशांपासून पाचेक महिन्यांनी होते. वाढीच्या टाक्या काचेच्याच हव्यात असं नाही, खाद्यपदार्थांसाठी बनवलेले मोठे प्लास्टिकचे टबही चालतात. हवेच्या पंपात मात्र काटकसर करू नका आणि वीज गेल्यावर चालणारा एक लहान बॅटरीचा पंप जवळ ठेवा.

दुकानात मासे नेण्यापूर्वी रिकाम्या हाताने एकदा जाऊन या. कोणता रंग कमी पडतो, नर हवेत की जोड्या, हे विचारा आणि त्याच्या टाकीचं थोडं पाणी बाटलीत आणून पीएच आणि जडपणा मोजा. तुमचं पाणी जड आणि त्याचं मऊ असेल, तर मासे दुकानात दोन-तीन दिवसांनी मरायला लागतात आणि दोष तुमच्या मालावर येतो. तसं असल्यास विक्रीचे मासे वेगळ्या टाकीत घेऊन आठ-दहा दिवसांत पाणी हळूहळू त्याच्या जवळ आणा. नेण्याआधी २४ तास खाद्य बंद ठेवा, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा किंवा ऑक्सिजन भरा. दुकानात पिशवी पंधरा मिनिटं टाकीवर तरंगू द्या, मग त्याचं पाणी थोडं थोडं आत घाला. पिशवीतलं पाणी त्याच्या टाकीत ओतू नका.

न विकलेले मासे परत आणले, तर ते थेट तुमच्या टाकीत कधीच जाऊ देऊ नका. दुकानाच्या पाण्यात राहिलेला मासा म्हणजे नवा मासा, त्यालाही त्या लहान टाकीत तीन आठवडे. आणि बाजूला काढलेले मासे ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. गप्पी तिथे तग धरतो, भराभर वाढतो आणि तिथल्या लहान माशांचं खाद्य हिरावून घेतो.