‘वापर की’ म्हणाला, पण नेमकं काय वापरायला?

प्रश्न: मित्राचा फोटो रेफरन्स म्हणून देऊन एआयने चित्रं बनवायची आहेत. तो तोंडी ‘वापर की’ म्हणालाय. तेवढं पुरेसं आहे का?

फोटोतून तुम्ही काय उचलणार, त्यावर आहे. नुसती बसण्याची ढब हवी असेल तर पुरेसं आहे. चित्राची ठेवण फोटोवरून ठरवणाऱ्या कंट्रोलनेट या साधनातलं साधं ओपनपोज फोटोतून शरीराच्या सांगाड्याच्या रेघा तेवढ्या घेतं, चेहरा पुढे जातच नाही. (त्यासाठी टायमर लावून स्वतःचाच फोटो काढलात तरी भागेल.)

चेहरा हवा असेल तर मात्र थांबा. माझं तिथेच चुकलं. एका नाटकाच्या पोस्टरसाठी मी मैत्रिणीचा एक फोटो मागितला, तीही ‘वापर की’ म्हणाली. फोटोवरूनच नवं चित्र करणाऱ्या इमेज-टू-इमेजमध्ये डीनॉइझिंग, म्हणजे फोटो किती बदलायचा ते प्रमाण, कमी ठेवलं की चित्र मूळ फोटोलाच चिकटून राहायचं, वाढवलं की चेहरा दुसऱ्याच कुणाचा व्हायचा. वैतागून मी माझ्याकडच्या तिच्या १८ जुन्या फोटोंवर लोरा, म्हणजे चित्रं काढणाऱ्या मॉडेलला तिचा चेहरा शिकवणारी छोटी जोड-फाइल, ट्रेन केला. तिला विचारलं नाही. परवानगी आहेच, असं मी धरून चाललो होतो.

पण एका फोटोवरून एक चित्र काढणं वेगळं आणि लोरा वेगळा. ती फाइल ज्याच्या हाती पडेल तो तिला कुठल्याही वयात, कुठल्याही कपड्यांत किंवा कपड्यांशिवायही दाखवू शकतो. ‘त्यातला अमुक फोटो काढून टाक’ म्हटलं तरी तयार फाइलमधून तो वेगळा काढता येत नाही; तो वगळून पुन्हा पहिल्यापासून ट्रेन करावं लागतं.

पोस्टर तिला आवडलं. मग त्याच फोल्डरमधली चाचणीची चित्रं तिच्या नजरेस पडली. एकात मी तिला म्हातारी केलं होतं आणि ती हुबेहूब तिच्या वारलेल्या आईसारखी दिसत होती. ‘पोस्टरसाठी म्हणाला होतास ना?’ एवढंच ती बोलली.

मी सगळं पुसलं. तरी ट्रेनिंग चालू असताना आपोआप साठवलेल्या लोराच्या मधल्या प्रती राहिल्याच होत्या, त्या आठवड्याने सापडल्या. त्याही शेवटच्या फाइलसारख्याच वापरता येतात. शिवाय १८ पैकी दोन फोटो एका व्यावसायिक फोटोग्राफरने काढलेले होते. अशा फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे असू शकतो, त्यामुळे तिचा होकार असता तरी ते दोन वापरणं अडचणीचं ठरू शकलं असतं.

आता मी लेखी विचारतो, साधारण असं: ‘तुझे हे तीन फोटो वापरून पोस्टरचं एक चित्र करतोय. चेहरा ओळखू येईल. फोटो एका ऑनलाइन सेवेवर चढवावे लागतील. लोरा करणार नाही. छापण्याआधी तुला दाखवीन आणि काम झालं की माझ्याकडचं सगळं पुसेन. चालेल?’ एकदा यावर उत्तर आलं, ‘ऑनलाइन नको, तुझ्या मशीनवर होत असेल तर कर.’ माझ्या ग्राफिक्स कार्डाची मेमरी कमी, एकेका चित्राला बराच वेळ लागला, पण तसंच केलं.