जुन्या दुकानदारांना काय विचारावं?

प्रश्न: आमच्या गटाला एका जुन्या बाजारपेठेतल्या रस्त्याचा वापर कसा व्हायचा ते नोंदवायचं आहे. पण मुलाखतीत दुकानदार "पूर्वी फार छान होतं" याच्या पुढे जातच नाहीत. काय विचारावं?

उत्तर:

"पूर्वी कसं होतं?" हा प्रश्न सोडून द्या. त्यातून फक्त मत हाती लागतं. त्याऐवजी एका दिवसाचा माग काढा. तुम्ही दुकानात बसायला लागलात तेव्हा वय काय होतं? सकाळी दाराच्या फळ्या कोण काढायचं आणि त्या कुठं ठेवायचे? मालाची गाडी कुठं थांबायची, हमाल कुठं टेकायचे? फळ्या शेजारच्या बोळात उभ्या करत असतील, तर दिवसा त्या बोळातून फारशी वर्दळ नव्हती हे आपोआप कळतं. असं दुकानदार स्वतःहून कधीच सांगत नाही, त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

सोबत रस्त्याचा १:२०० प्रमाणातला नकाशा न्या. तीन मीटरचं दुकान त्यावर दीड सेंटीमीटरचं दिसतं, म्हणजे खुणा करायला जागा उरते. वर ट्रेसिंग पेपर ठेवून खुणा त्यांनाच करू द्या, आणि प्रत्येक काळासाठी वेगळा कागद घ्या. ते "इथं", "तिकडं" म्हणाले की लगेच "म्हणजे ओट्याच्या उजव्या टोकाला?" असं मोठ्यानं विचारा. नाहीतर नुसतं ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला काहीच उमगत नाही.

साल विचारू नका. लग्न, वडिलांचं जाणं, मुलाची शाळा यांच्या आगेमागे घटना बसवा. माझ्या कामात एकजण म्हणाले, ओटे तुटले ते बहिणीच्या लग्नाआधी. समोरचे म्हणाले, छे, ते तर माझा मुलगा दुकानात बसायला लागल्यावर. मधे बऱ्याच वर्षांचं अंतर होतं. दोघंही ठाम होते, आणि दोघंही आपापल्या बाजूच्या ओट्यांबद्दल बोलत होते! एका घरातल्या जुन्या फोटोत एका बाजूला ओटे नव्हते, दुसऱ्या बाजूला होते. रस्त्याच्या दोन कडा वेगवेगळ्या वेळी मोकळ्या झाल्या होत्या. म्हणून दोन आठवणी जुळल्या नाहीत तर घाईनं मधलं साल काढू नका. आधी प्रत्येकजण कुठं बसून पाहत होता ते तपासा.

हीच या मुलाखतींची मर्यादाही आहे. गादीवरून समोरचं दिसतं, मागची गल्ली दिसत नाही, आणि दुकान बंद झाल्यावरचा रस्ता तर अजिबात नाही. हमाल, पथारीवाले, माडीवर राहणाऱ्या बायका यांच्याशी बोलल्याशिवाय पहाट आणि रात्र कोरीच राहते.

लेखी संमती आधी घ्याच, पण मुलाखत झाल्यावर पुन्हा विचारा. ओटा, पायरी, छपरी यांवरचं बोलणं सहज अतिक्रमणाच्या किंवा भाड्याच्या वादात पुरावा ठरू शकतं. तेवढा भाग बंद ठेवायची मुभा द्या, आणि किती वर्षं बंद ठेवायचा ते संमतीपत्रावरच लिहून घ्या.