‘महत्त्व समजेल’ हे मोजायचं कसं?

प्रिय मित्रा,

ठिबक संचाच्या देखभालीवरच्या चार दिवसांच्या वर्गाचा तुझा आराखडा वाचला. पहिलंच उद्दिष्ट आहे, ‘प्रशिक्षणार्थींना देखभालीचं महत्त्व समजेल.’ चौथ्या दिवशी संध्याकाळी ते समजलं की नाही, हे कशावरून ठरवशील? मुलांनी माना डोलावल्या त्यावरून? समजणं, माहिती होणं, जाणीव होणं हे सगळं डोक्याच्या आत घडतं, आपल्याला बाहेरून दिसत नाही. दोन परीक्षकांनी एकाच मुलाचं काम पाहिलं आणि आपसात न बोलता दोघांनीही ‘जमलं’ किंवा ‘नाही जमलं’ असा एकच शेरा दिला, तर क्रियापद बरोबर निवडलंय असं समज.

रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले: शिकणारा काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत आणि किती अचूक. तुझ्याच प्लॉटवर हे लावून बघू. तिथले ड्रिपर ताशी ४ लिटरचे आहेत, म्हणजे तीन मिनिटांत २०० मिली पाणी पडायला हवं. मग उद्दिष्ट असं होईल: ‘चालू संच, मोजपात्र आणि घड्याळ दिल्यावर प्रशिक्षणार्थी एका लॅटरल नळीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरचं तीन मिनिटांचं पाणी मोजेल आणि १८० मिलीपेक्षा कमी देणारे ड्रिपर दाखवेल, त्याचं मोजमाप प्रशिक्षकाच्या मोजमापापेक्षा १० मिलीहून जास्त चुकणार नाही.’ वाक्य लांबलं, पण वाद घालायला जागा उरली नाही. शिवाय किती मोजपात्रं आणायची हेही त्यातच कळतं.

आता शिकण्याच्या पायऱ्यांकडे वळू. ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेली आणि २००१ मध्ये सुधारलेली उतरंड तुला पाठ आहे: आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. तुझ्या आराखड्यात ‘भागांची नावे सांगेल’, ‘प्रकार सांगेल’, ‘फायदे सांगेल’ अशी रांगच लागली आहे. सगळी पहिल्याच पायरीवर. शेतकरी मात्र या मुलांना बोलावणार ते ‘शेवटच्या झाडांना पाणी पोचत नाही’ म्हणून.

तिथे लागतं ते विश्लेषण. सगळ्याच प्लॉटला पाणी कमी पडत असेल, तर आधी फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब बघायचा. फरक वाढला असेल तर फिल्टर तुंबला आहे. फरक नेहमीइतकाच आणि दोन्हीकडे दाब कमी असेल तर पंपाकडे जायचं. एकाच लॅटरलचं शेवटचं टोक उपाशी असेल तर गाळ साचलाय किंवा मध्ये कुठे गळती आहे. इथेतिथे एकेक ड्रिपर बंद असेल तर ते ड्रिपर उघडून बघायचे. म्हणून लिही: ‘तीन अनोळखी बिघाड असलेल्या संचावर प्रशिक्षणार्थी दाब आणि प्रवाह मोजून ३० मिनिटांत किमान दोन बिघाडांचं कारण शोधेल आणि ते कोणत्या मोजमापावरून ठरवलं हे सांगेल.’

यातला ‘अनोळखी’ हा शब्द गाळू नकोस. आदल्या दिवशी ज्या लॅटरलमध्ये गाळ दाखवलास, तोच परीक्षेला ठेवलास तर मुलगा विश्लेषण करत नाही, कालचं आठवतो. क्रियापदांच्या छापील याद्या मिळतात, त्यात ‘शोधेल’ वरच्या पायरीवर असतं. पण खरी पायरी प्रसंग नवा आहे की नाही यावर ठरते.

मूल्यमापनाच्या पायरीसाठी एकच उद्दिष्ट पुरे. तुंबलेले ड्रिपर समोर ठेव. आत वाळू आहे, पांढरे क्षार आहेत की बुळबुळीत शेवाळ, हे पाहून फ्लश, आम्ल की क्लोरीन यांतला उपाय मुलगा निवडेल आणि कारण देईल. ‘एक एकरासाठी संचाचा आराखडा तयार करेल’ हे मात्र काढून टाक. त्याला उतार, पाइपमधली दाबाची घट आणि पंपाची ताकद यांचा हिशेब लागतो. चार दिवसांत मुलं तुझाच आराखडा उतरवून काढतील, आणि त्याला निर्मिती म्हणणं म्हणजे आपणच आपल्याला फसवणं.

आम्लप्रक्रियेच्या उद्दिष्टात ‘८० टक्के अचूक’ असं लिहिलंयस, ते बदल. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. इथे पाचातून चार वेळा बरोबर म्हणजे एकदा कुणीतरी भाजणार. ‘प्रत्येक वेळी’ असं लिही आणि परीक्षेत आधी साध्या पाण्यावर सगळा क्रम करून घे. तुझ्या साहित्याच्या यादीत हातमोजे आणि चष्मेही नाहीत, ते माणशी एक जोड धरून घाल. मग सुधारलेला आराखडा पाठव.

तुझा,
जुना सर