गाडीची बॅटरी कोण उतरवते, हे ब्लूटूथ मॉनिटरवरून कसे ओळखावे?

प्रश्न: दोन दिवस गाडी उभी राहिली की स्टार्टर रडतो. डॅशकॅमवर संशय आहे. स्वस्त ब्लूटूथ बॅटरी मॉनिटरने खात्री होईल का?

उत्तर: होईल, मात्र हा मॉनिटर फक्त व्होल्टेज मोजतो, करंट नाही, त्यामुळे दोषी उपकरण तुलनेनेच शोधावे लागते. त्याची लाल वायर बॅटरीच्या पॉझिटिव्ह आणि काळी निगेटिव्ह टर्मिनलला जोडा. इंजिन बंद केल्यावर काही तास व्होल्टेज फसवे चढे दिसते, म्हणून रात्री गाडी लावून सकाळी, दार उघडण्यापूर्वी, अ‍ॅपमधील आकडा पाहा. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत सुमारे १२.६ म्हणजे भरलेली आणि १२.२ म्हणजे साधारण अर्धी.

समजा, डॅशकॅम पार्किंग मोडमध्ये पाव अँपिअर घेतो. ४८ तासांत १२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा तिसरा हिस्सा, आणि आलेखाची रेघ एकसारखी उतरत १२.४ च्या खाली येते. बॅटरी पुन्हा पूर्ण चार्ज करून, डॅशकॅमचा फ्यूज काढून, तितकाच काळ गाडी उभी ठेवा. रेघ जवळजवळ सपाट राहिली तर संशय खरा ठरला. तशीच उतरली तर इतर फ्यूज एकेक काढून हीच चाचणी करावी लागेल. सगळे सुटे करूनही व्होल्टेज पडत असेल, तर बॅटरीच थकलेली असण्याची शक्यता अधिक, आणि माझ्या मते ही शक्यता लोक फार उशिरा तपासतात.