जायरेटरचा L: फॉर्म्युल्यातला आणि बोर्डावरचा

प्रश्न: ऑप-ॲम्प आणि कॅपॅसिटर वापरून जायरेटरने इंडक्टर कसा बनवतात, आणि त्याचा L नक्की किती आला हे कसं काढायचं?

L मोजून काढा. फॉर्म्युला फक्त कुठल्या आकड्याच्या आसपास शोधायचं ते सांगतो. हे इतकं ठासून सांगतोय कारण याच एका गोष्टीवरून सहाव्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलला माझे मार्क कापले गेले आणि ते मला अजूनही पटलेलं नाही.

आम्हाला अँटोनिऊचं सर्किट होतं, दोन ऑप-ॲम्पवालं. इनपुटपासून ग्राउंडपर्यंत पाच इम्पिडन्स एका ओळीत, Z1 ते Z5. पहिला नोड म्हणजे इनपुट, Z1 च्या पलीकडे दुसरा, Z2 च्या पलीकडे तिसरा, असं करत पाचवा नोड Z5 च्या डोक्यावर. दोन्ही ऑप-ॲम्पचे इन्व्हर्टिंग इनपुट मधल्या, तिसऱ्या नोडला. एकाचा नॉन-इन्व्हर्टिंग पहिल्या नोडला आणि आउटपुट चौथ्याला, दुसऱ्याचा नॉन-इन्व्हर्टिंग पाचव्याला आणि आउटपुट दुसऱ्याला. आउटपुटची ही अदलाबदल जोडताना हमखास चुकते, तेवढी दोनदा तपासा.

व्हर्च्युअल शॉर्टमुळे पहिला, तिसरा आणि पाचवा नोड एकाच व्होल्टेजला येतात, त्याला V म्हणू. आता उलट्या बाजूने चालत या. Z5 मधून V/Z5 इतका करंट जातो, तोच Z4 मधून येतो, म्हणून चौथा नोड V च्या वर V·Z4/Z5 ने असतो. तेवढंच व्होल्टेज Z3 वर पडतं, त्यातून निघालेला करंट पुढे Z2 मधून जातो आणि दुसरा नोड V च्या खाली V·Z2·Z4/(Z3·Z5) ने जातो. हाच फरक Z1 वर, त्याला Z1 ने भागलं की इनपुट करंट मिळाला:

```
Zin = Z1·Z3·Z5 / (Z2·Z4)
Z4 = 1/(sC)  =>  Zin = s·C·R1·R3·R5/R2
L = C·R1·R3·R5/R2
```

कॅपॅसिटर खाली होता म्हणून s वर आला आणि इनपुटला इंडक्टर दिसायला लागला, एवढंच आहे ते. आमच्याकडे सगळे रेझिस्टर १० किलोओहम आणि C १० नॅनोफॅरड, म्हणजे L बरोबर १ हेन्री. तारेची १ हेन्रीची कॉइल हातात घेऊन बघा म्हणजे याची किंमत कळेल.

आता मोजायचं कसं. इनपुट नोड ते ग्राउंड १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर लावायचा, फंक्शन जनरेटरमधून १०० किलोओहममधून सिग्नल द्यायचा आणि फ्रिक्वेन्सी फिरवत इनपुट नोडवर पीक शोधायचं. १ हेन्रीला पीक ५०३ हर्ट्झला यायला हवं. बँडविड्थ साधारण १६ हर्ट्झची असते, त्यामुळे पीक एक-दोन हर्ट्झपर्यंत सहज वाचता येतं. मग L = 1/((2πf)²·C), इथला C म्हणजे बाहेरून लावलेला.

माझं पीक ५४६ हर्ट्झला आलं. परत परत बघितलं, ५४६च. L निघाला ०.८५ हेन्री, मी तो तसाच लिहिला. एक्सटर्नल आले, वही बघितली आणि म्हणाले, "फॉर्म्युल्याने एक येतो, तुमचा ०.८५ म्हणजे जोडणी चुकली." मी म्हटलं सर, जोडणी चुकली असती तर पीकच आलं नसतं, माझा C कमी असेल. तर म्हणाले, त्याच्यावर 103 लिहिलंय ना, मग दहा नॅनोच. शेजारच्याने पीक न बघताच ५०३ लिहून टाकलं होतं, त्याला पूर्ण मार्क.

संध्याकाळी लॅब असिस्टंटकाकांना विनवून तो कॅपॅसिटर एलसीआर मीटरवर लावला. पुण्यात पासोड्या विठोबाजवळून आणलेली ती तपकिरी सिरॅमिक डिस्क, ८.५ नॅनोफॅरड. बाहेरचा पॉलिस्टरचा पण मोजला, तो १०० ला १०० भरला. ८.५ नॅनो गुणिले १० किलोचा वर्ग, ०.८५ हेन्री. डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तर 103 च्या पुढे बारीक Z होता. Z म्हणजे टॉलरन्स उणे २० ते अधिक ८० टक्के. म्हणजे कॅपॅसिटरसुद्धा खराब नव्हता, त्याने जे सांगितलं होतं तेच दिलं. आणि L हा C च्या सरळ प्रमाणात असल्यामुळे तिथली पंधरा टक्क्यांची घट जशीच्या तशी L मध्ये उतरते. असल्या डिस्कजवळ गरम सोल्डरिंग आयर्न नुसतं धरलं तरी पीक वर सरकताना दिसतं. म्हणून Z4 च्या जागी पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच लावा, J लिहिलेला, म्हणजे पाच टक्के. सिरॅमिक डिस्क तिथे लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि खरी चूक काढायचीच होती तर ती दुसरीकडे होती, ती कोणी विचारलीच नाही. ५०३ हर्ट्झला १० नॅनोची रिॲक्टन्स सुमारे ३१.६ किलोओहम आणि R5 फक्त १० किलो, म्हणजे आतल्या दोन्ही आउटपुटना इनपुटच्या ३.३ पट व्होल्टेज काढावं लागतं. ±१२ व्होल्ट सप्लायवर ऑप-ॲम्प साडेदहाच्या आसपास क्लिप होतो, म्हणजे इनपुट ३ व्होल्ट पीकच्या वर गेलं की इंडक्टर संपला. जनरेटर वाढवला तरी पीक वाढायचं थांबतं, आणि नुसतं इनपुट नोडकडे बघत बसलात तर कारण लवकर सापडत नाही. प्रोब दोन्ही आउटपुटवर लावा, टीएल०७२ असेल तर पिन १ आणि पिन ७, माथे सपाट झालेले तिथे दिसतील. यावर उपाय म्हणजे R5 हा कामाच्या फ्रिक्वेन्सीला C च्या रिॲक्टन्सएवढा ठेवायचा. R5 ३३ किलो, R2 आणि R3 दहा-दहाच, R1 ३ किलो. L येतो ०.९९ हेन्री, पण आउटपुट इनपुटच्या फक्त १.४ पट जातात आणि इनपुट साडेसात व्होल्टपर्यंत चढवता येतं. गेल्या वर्षी घरी हेच बोर्डावर लावलं, C चांगला निवडून, पीक ५०४ हर्ट्झला आलं.

एक राहिलंच. हा इंडक्टर एक टोक ग्राउंडला असेल तरच, सिरीजमध्ये दोन्ही टोकं मोकळी हवी असतील तर असं एक सर्किट पुरत नाही. आणि बक कन्व्हर्टरमध्ये लावायचा विचार असेल तर सोडून द्या, तिथे कॉइलने एनर्जी साठवून लोडला द्यायची असते आणि इथे आत आहे फक्त दहा नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर आणि काही मिलिअँप देणारे दोन ऑप-ॲम्प. फिल्टरला, ऑडिओच्या फ्रिक्वेन्सीला वापरा. वहीत लिहिताना फॉर्म्युल्याच्या L शेजारी मोजलेला C आणि मोजलेलं पीक दोन्ही लिहा, आणि कोणी जोडणी चुकली म्हटलं तर त्याच्यासमोर कॅपॅसिटर काढून मीटरवर लावा. मी तेव्हा तिथल्या तिथे मीटर मागायला हवा होता.