भाषांतर अचूक, तरी अर्ज परत

माझ्या लग्नाची नोंद २०१६ मध्ये तासगाव तालुक्यातल्या आमच्या ग्रामपंचायतीत झाली. दाखला मराठीत आहे. नवरा कॅनडात असतो, त्यांनी मला तिकडे नेण्यासाठी स्पॉन्सरशिपचा अर्ज भरला. दाखल्याचं इंग्रजी भाषांतर माझ्या सख्ख्या भावानं केलं, तो सांगलीत कॉलेजला इंग्रजी शिकवतो. वर नोटरीचा शिक्काही घेतला. तरी अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. भाषांतरात एकही चूक नाही. काय करावं?
– एक वाचक, सांगली

ताई, तुम्ही पाठवलेले स्कॅन पाहिले. तुमच्या भावाचं इंग्रजी माझ्याहून सरस आहे, पण इथे अडतंय ते त्यांच्या नात्यामुळे. अर्जदारानं स्वतः, त्याच्या वकिलानं किंवा घरच्या माणसानं केलेलं भाषांतर कॅनडाचं इमिग्रेशन खातं घेत नाही. घरच्यांत आईवडील, भावंडं, नवरा तर येतातच, काका-मावशी आणि चुलत-मावस भावंडंही येतात. तो माणूस पेशानं भाषांतरकार असला तरी चालत नाही. तेव्हा आधी माणूस बदला.

आता नोटरीचा शिक्का. तुमच्या कागदावर 'ट्रू कॉपी' असं उमटलंय. त्याचा अर्थ एवढाच, की झेरॉक्स मूळ दाखल्याशी जुळते. भाषांतराबद्दल तो शिक्का काहीच बोलत नाही. भाषांतरकारांच्या मान्यताप्राप्त संस्थेचा सदस्य नसलेल्या कुणी भाषांतर केलं, तर त्यासोबत भाषांतरकाराचं शपथपत्र लागतं: मला मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा येतात, आणि सोबतच्या दाखल्याचं हे पूर्ण व खरं भाषांतर आहे. ही शपथ त्यानं स्वतः नोटरीसमोर घ्यायची. मूळ दाखल्याची साक्षांकित प्रत, भाषांतर आणि शपथपत्र असे तिन्ही कागद एकत्र जोडा, आणि शपथपत्रात 'सोबतचा दाखला' म्हणजे नेमका कोणता ते कळावं म्हणून त्याचा खंड क्रमांक, अनुक्रमांक आणि तारीख लिहून घ्या.

'पूर्ण' या शब्दावर जरा थांबतो, कारण तुमचं भाषांतर तिथेही कमी पडतंय. भावानं मजकूर उतरवला, पण खालचा ग्रामपंचायतीचा गोल शिक्का आणि निबंधकाची सही सोडून दिली. शिक्क्यातली अक्षरंही मजकूरच असतात, त्यांचंही भाषांतर लागतं. जे वाचता येत नाही तिथे चौकटी कंसात 'गोल शिक्का, अंशतः अस्पष्ट' अशी नोंद इंग्रजीत करायची. अंदाजानं भरायचं नाही. तुमच्या स्कॅनमध्ये शिक्का जवळपास दिसतच नाही, तो बहुधा मोबाइल अ‍ॅपच्या कृष्णधवल मोडनं खाल्लाय. फिकट जांभळी शाई त्यात हमखास उडते. रंगीत स्कॅन करा, चारही कडा दिसू द्या, मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तीही घ्या. मूळ शिक्काच पुसट असेल तर ग्रामपंचायतीतून त्याच नोंदीची नवी प्रत काढा आणि मग भाषांतर त्या प्रतीवरूनच करून घ्या. जुन्या प्रतीचं भाषांतर नव्या प्रतीला जोडलं तर पुन्हा घोळ.

तारखाही बघा. दाखल्यावर लग्नाची ०४/०५/२०१६ आहे आणि नोंदणीची वेगळी. आपण ती ४ मे वाचतो, तिकडचा अधिकारी ५ एप्रिल वाचू शकतो. भाषांतरात महिना अक्षरी लिहावा.

सगळ्यात नाजूक गोष्ट नावाची. दाखल्यात तुमचं माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. भावानं भाषांतरात सरळ सासरचं नाव घातलंय. हेतू चांगला, पण हीच एक गोष्ट भाषांतरकारानं कधी करू नये. मूळ कागदात जे नाही ते भाषांतरात आलं, तर शपथपत्र खोटं ठरतं. अधिकाऱ्याला मराठी येत नसली तरी खातं मूळ दाखला दुसऱ्या कुणाकडून तपासून घेऊ शकतं. स्पेलिंगची गोष्ट वेगळी. देवनागरीत नाव तेच असेल तर पासपोर्टवरचं स्पेलिंग वापरायला हरकत नाही. पण नावच वेगळं असेल तर माहेरचं नाव जसंच्या तसं ठेवा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं तुमचं स्वतंत्र शपथपत्र जोडा. सोबत नावबदलाचं राजपत्र असेल तर उत्तम.

दाखल्यातच नाव चुकीचं पडलं असतं, तर ते निबंधकाकडे अर्ज करून दुरुस्त करून घ्यावं लागलं असतं. तुमच्याकडे तशी चूक नाही, म्हणून त्या फेऱ्या वाचल्या. नवं भाषांतर हाती आलं की भावाला शब्द न् शब्द ताडून बघायला सांगा, ते चालतं. सही मात्र ज्यानं भाषांतर केलं त्याचीच.