कांड्या कंटेनरमध्ये असूनही मरतात का? गोठित रेतमात्रा हाताळताना नेमकं काय चुकतं?

प्रश्न: "मी सहा महिन्यांपूर्वी कृत्रिम रेतनाचं काम सुरू केलं. तीन लिटरचा कंटेनर आहे, नायट्रोजन कधी संपू दिला नाही. तरी गायी फार उलटतात. कांड्या आतच मरतात का? कांडी काढण्याची आणि थॉ करून वितळवण्याची बरोबर पद्धत सांगा."

होय, मरतात, आणि नायट्रोजन भरलेला असतानाही मरतात. कांडी म्हणजे गोठवलेलं रेत भरलेली बारीक प्लॅस्टिकची नळी, आणि ती मरते म्हणजे तिच्यातले शुक्राणू मरतात. गाय उलटण्याला, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येण्याला, माजाची चुकलेली वेळ, गर्भाशयाचा दाह, गायीची उतरलेली तब्येत अशी बरीच कारणं असतात. पण एकाच माणसाच्या हातून, वेगवेगळ्या गोठ्यांतल्या चांगल्या गायी सारख्या उलटत असतील तर मी आधी कंटेनरचं तोंड बघते. दूधपट्ट्यात पशुवैद्यक म्हणून काम करताना मला कांड्यांचं सर्वाधिक नुकसान तिथेच, म्हणजे कंटेनरच्या मानेत झालेलं दिसलं आहे.

द्रव नायट्रोजनचं तापमान उणे 196 अंश सेल्सिअस असतं. कांडी त्यात बुडालेली असेल तर वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. पण मानेत वर यावं तसं तापमान झपाट्याने चढतं. कंटेनर भरलेला असतानासुद्धा तोंडापासून साधारण 15 सेंटिमीटर खाली उणे 180 च्या आसपास, सात-आठ सेंटिमीटर खाली उणे 75 ते 80, अडीच सेंटिमीटरवर उणे 20 च्या जवळपास आणि अगदी काठाशी शून्याच्याही वर असतं. कांडीतलं पाणी साधारण उणे 130 च्या वर गेलं की आतले बर्फाचे बारीक कण हलायला लागतात, एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि शुक्राणूंची आवरणं फाडतात. ग्लिसरॉल आणि अंड्याचा बलक हे द्रावणात त्यापासून बचावासाठीच घातलेले असतात, पण ते अशी चढ-उतार वारंवार सोसत नाहीत. कांडी परत नायट्रोजनमध्ये बुडवली म्हणून झालेली इजा भरून येत नाही. पुढच्या वेळी तिच्यात भर पडते. आपल्याकडची 0.25 मिलीची कांडी जेमतेम दोन मिलिमीटर जाड असते, त्यामुळे उन्हात आणि वाऱ्यात ती काही सेकंदांतच तापते.

तुमच्यासारखाच एक मुलगा संगमनेरकडचा. त्याच्या एकाच कॅनिस्टरमध्ये, म्हणजे कंटेनरच्या आत कांड्या ठेवायच्या उभ्या डब्यात, एचएफ, जर्सी आणि गीर अशा तिन्हींच्या कांड्या सुट्या पडल्या होत्या. मी त्याला एक कांडी काढून दाखवायला सांगितलं. त्याने कॅनिस्टर थेट कंटेनरच्या काठाला आणला, तिरका केला आणि एकेक कांडी चिमट्याने उचलून वळूचा क्रमांक वाचू लागला. हवी ती सापडेपर्यंत बाकीच्या सगळ्या उघड्यावरच. आता हिशेब करा. कॅनिस्टरमध्ये पंचवीस कांड्या असतील आणि रोज एक वापरली, तर शेवटची कांडी हातात येईपर्यंत ती पंचवीस वेळा काठाला येऊन गेलेली असते. पहिल्या काही गायी गाभण राहतात आणि महिनाअखेरच्या उलटतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. आम्ही त्याच्या कॅनिस्टरमधली एक उरलेली कांडी आणि नव्या लॉटची एक, अशा दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. नवीत सगळीकडे सरळ पुढे धावणारे शुक्राणू होते. जुनीत बहुतेक निपचित, थोडे जागच्या जागी थरथरणारे. कांड्या मात्र बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

म्हणून पहिलं काम घरी, शांतपणे करा. प्रत्येक जातीचा आणि वळूचा वेगळा गॉब्लेट, म्हणजे कॅनिस्टरमध्ये बसणारा प्लॅस्टिकचा छोटा पेला, ठेवा, कोणत्या कॅनिस्टरमध्ये काय आणि किती आहे ते कागदावर लिहून कागद कंटेनरच्या पेटीवर चिकटवा. गोठ्यावर गेल्यावर शोधाशोध होता कामा नये. काढताना कॅनिस्टर फक्त इतकाच वर घ्या की लांब चिमटा पोचेल. त्याचा वरचा काठ मानेच्या तोंडापासून किमान पाच सेंटिमीटर खाली राहिला पाहिजे. पाच-सात सेकंदांत कांडी मिळाली नाही तर कॅनिस्टर खाली सोडा, वीस-तीस सेकंद थांबा आणि मग पुन्हा उचला. पंखा, वारा आणि ऊन यांपासून दूर, सावलीत हे करा. बोटाने कांडी धरू नका, हाताची ऊब तिला लगेच लागते आणि बोटही भाजतं.

गाय तपासल्याशिवाय मात्र कांडी काढूच नका. माज खरा आहे, सोट, म्हणजे माजातला चिकट स्राव, स्वच्छ आहे, गाय आधीच गाभण नाही, हे हात घालून बघा आणि मगच कंटेनर उघडा. थॉ केलेली कांडी परत गोठवता येत नाही.

आता थॉइंग. रुंद तोंडाचा थर्मास, थर्मामीटर आणि पाणी एवढंच लागतं. पाणी 37 अंशांवर हवं, वेळ 30 सेकंद. थर्मामीटर नसेल तर हाताने अंदाज घेऊन भागवू नका, कारण उन्हाळ्यात हाताला 'कोमट' वाटणारं पाणी 42-43 अंशांचं असू शकतं आणि त्यात शुक्राणू मरतात. कांडी चिमट्याने धरून एक हलका झटका द्या, म्हणजे कापसाच्या टोकाशी अडकलेला नायट्रोजन गळून पडेल. तो तसाच गरम पाण्यात गेला तर एकदम वायू होऊन कांडी फुटते. मग ती पूर्ण बुडेल अशी पाण्यात सोडा. एका वेळी एकच, कारण तीन-चार एकत्र टाकल्या की एकमेकींना चिकटतात आणि मधल्या कांड्या नीट वितळत नाहीत.

थॉ कोमट पाण्यातच का, असं बरेच जण विचारतात. वितळताना कांडीला बर्फाच्या त्याच धोक्याच्या पट्ट्यातून जावं लागतं. 37 अंशांच्या पाण्यात ती हा पट्टा काही सेकंदांत ओलांडते. शर्टाच्या खिशात ठेवून, तळहातात चोळून, नळाच्या थंड पाण्यात किंवा नुसती हवेत धरून थॉ केली तर ती त्या पट्ट्यात रेंगाळते आणि बर्फाचे कण मोठे व्हायला वेळ मिळतो. खिशातल्या कांडीने गायी गाभण राहतात असं सांगणारे भेटतात. राहतात, पण प्रत्येक मात्रेतले किती शुक्राणू वाया गेले ते त्यांना दिसत नाही. एका कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू भरलेले असतात आणि चांगल्या केंद्राच्या कांडीत थॉ केल्यावर किमान निम्मे जिवंत धावत असावेत, अशी अपेक्षा आहे. त्यातून आणखी वाया घालवले की फलनाची शक्यता घसरते.

30 सेकंद झाले की कांडी काढून स्वच्छ टिश्यू पेपरने किंवा कापसाने पूर्ण कोरडी पुसा. हे टाळलं जातं, म्हणून मी आग्रहाने सांगते. बाहेरच्या पाण्याचा एक थेंबही कापलेल्या टोकातून आत गेला तर पाणी शुक्राणूत शिरतं, तो फुगतो आणि मरतो. स्पिरिट, साबण, डेटॉल यांचा अंश कात्रीवर राहिला असेल तर तेही तसंच मारतं. कात्री नुसत्या कोरड्या कापसाने पुसलेली असावी. पुसतानाच वळूचा क्रमांक, जात आणि लॉट वाचा. हीच वाचायची योग्य वेळ आहे.

कांडी उभी धरून हलका झटका द्या, म्हणजे हवेचा बुडबुडा सीलबंद टोकाकडे जाईल. रेतनाच्या गनचा दट्ट्या मागे ओढून ठेवा, कापसाचं टोक गनमध्ये घाला आणि वरचं सीलबंद टोक बुडबुड्यातून, अगदी काटकोनात कापा. तिरकं कापलं तर शीथमध्ये, म्हणजे गनवर चढवायच्या प्लॅस्टिकच्या आवरणात, कांडी नीट बसत नाही आणि रेत मागे गळतं. शीथ चढवून अंगठी घट्ट करा. गनचंही तापमान बघा. डिसेंबरात पहाटे गारठलेली गन 37 अंशांच्या कांडीला एकदम गार करते, अशा झटक्यानेही शुक्राणू मरतात, म्हणून गन आधी हातांत घासून कोमट करा. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत तापलेली गन याच्या उलट मारते, तिला आधी सावलीत निवू द्या. भरलेली गन कपड्यात गुंडाळून, ऊन न लागू देता गोठ्यापर्यंत न्या आणि पंधरा मिनिटांच्या आत रेतन करा.

नायट्रोजन कधी संपू दिला नाही असं लिहिलंय, पण किती होता ते मोजलंत का? मोजायला लाकडी किंवा प्लॅस्टिकची भरीव पट्टी वापरा. ती तळापर्यंत बुडवून काढा, हवेत हलवा आणि जिथपर्यंत पांढरं दव येतं तिथपर्यंत द्रव आहे. पोकळ नळी घालू नका, तिच्यातून नायट्रोजन उसळून तोंडावर येतो. दुसरा मार्ग म्हणजे वजन. एक लिटर नायट्रोजन साधारण 800 ग्रॅमचा असतो, त्यामुळे रिकाम्या आणि भरलेल्या कंटेनरचं वजन लिहून ठेवलं की किती उरला ते काट्यावरच कळतं. रोजच्यापेक्षा घट अचानक वाढली, किंवा बाहेरच्या भांड्यावर, मानेखाली, दव किंवा पांढरा बर्फ दिसला तर आतली निर्वात पोकळी फुटली आहे असं धरा आणि कांड्या लगेच, त्याच दिवशी दुसऱ्या कंटेनरमध्ये हलवा. हलवतानाही दोन्ही कंटेनर शेजारी ठेवून, सेकंदांत.

कंटेनर बंद गाडीत, काचा लावून नेऊ नका. एक लिटर द्रवाचा सुमारे 700 लिटर वायू होतो आणि तो श्वासातला प्राणवायू ढकलतो. झाकण घट्ट बंद करू नका, वायूला वाट हवी. भरताना चष्मा घाला आणि पायात बूट असेल तर पॅन्ट त्यावरून सोडा, नाहीतर सांडलेला नायट्रोजन बुटात अडकून पाय भाजतो.

तुमच्या हातात आत्ता जो साठा आहे त्यातली कोणतीही एक कांडी थॉ करून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत तपासून घ्या. काच गरम केलेली हवी, 37 अंशांना, नाहीतर गारठ्याने चांगले शुक्राणूही सुस्त दिसतील. सोबत नव्या लॉटची एक कांडी तुलनेला न्या. जुन्यात निम्म्याहून बरेच कमी धावत असतील तर उरलेल्या कांड्या टाकून द्या, त्या गायींत भरू नका. आणि आजपासून नोंदवहीत प्रत्येक रेतनापुढे वळूचा क्रमांक आणि लॉट लिहा. उलटलेल्या गायी एकाच लॉटच्या आहेत की तुम्ही शेवटी वापरलेल्या कांड्यांच्या, हे दोन महिन्यांत त्या पानांवरून कळेल.